नोकरीची जाहिरात मराठी-इंग्रजीत लिहिताना: 'मुलगा पाहिजे'च्या जागी काय लिहायचं?

दुकानासाठी माणूस हवा असला की आपण पटकन लिहितो, 'अनुभवी, स्मार्ट मुलगा पाहिजे. पगार योग्यतेनुसार.' खाली त्याचंच इंग्रजी. या दोन ओळींतून काम काय, वेळ काय, पैसे किती, काहीच कळत नाही. मग फोन तीस येतात आणि तिसांनाही तेच सगळं परत सांगावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. नाशिकमध्ये तुमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, काउंटरला एक माणूस हवाय.

आधी कामं लिहा, माणूस नंतर

'मुलगाच का?' असं विचारलं की उत्तर येतं, 'खोकी उचलायची असतात.' ठीक आहे, मग तेच लिहा. ए-४ कागदाचं ५०० पानांचं रिम साधारण सव्वादोन ते अडीच किलोचं असतं. दहा रिमचं खोकं तेवीस-चोवीस किलो भरतं. पण खोकं दारातच फोडून दोन-दोन रिम आत नेली तर वजन पाच किलोच्या आत येतं. म्हणजे अट मुलाची नव्हतीच, माल आत कसा न्यायचा एवढाच प्रश्न होता.

यात कायदाही आहे. भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. आता ही तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे.

मराठीची अडचण वेगळी, इंग्रजीची वेगळी

इंग्रजीत 'शॉप असिस्टंट' लिहिलं की काम झालं, त्या शब्दाला लिंग नाही. त्याचं मराठी करताना मात्र 'काम करणारा हवा' असं होऊन जातं. त्यावर सोपा उपाय म्हणजे 'सहकारी हवेत' असं आदरार्थी लिहायचं आणि कामं 'करणे, लावणे, देणे' अशी लिहायची. उलट इंग्रजीत 'सेल्सबॉय' आणि 'ही' हे शब्द गुपचूप घुसतात. तिथे वाचणाऱ्याला सरळ 'यू' म्हणा.

दुसरा घोळ 'पाहिजे'चा. 'इंग्रजी पाहिजे' म्हणजे आलंच पाहिजे, की आलं तर बरं? म्हणून दोन वेगळे मथळे करा: 'आवश्यक' आणि 'असल्यास उत्तम'. इंग्रजीत 'रिक्वायर्ड' आणि 'गुड टू हॅव'. पहिल्या दिवशी ज्याच्याशिवाय काम अडेल तेवढंच 'आवश्यक'मध्ये. बिलिंग सॉफ्टवेअर आठवड्यात शिकवता येतं, ते दुसऱ्या यादीत टाका. बारावी पासची अटही तपासा. तुम्हाला खरं तर हिशेब जमणारी व्यक्ती हवी असते.

तयार मजकूर

> दुकान सहकारी हवेत (१ जागा)
> काम: ग्राहकांना वस्तू दाखवणे, झेरॉक्स काढणे, बिल करणे, आलेला माल मोजून लावणे (एका वेळी साधारण ५ किलो वजन).
> वेळ: सकाळी १० ते संध्याकाळी ७, मध्ये १ तास सुट्टी. सोमवार बंद.
> पगार: दरमहा ₹१५,०००, ७ तारखेला बँक खात्यात.
> आवश्यक: मराठी बोलता-वाचता येणे, साधा हिशेब, वय १८ पूर्ण.
> असल्यास उत्तम: कामापुरतं इंग्रजी, बिलिंगचा अनुभव. नसेल तर आम्ही शिकवू.
> स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, दिव्यांग व्यक्ती, तसंच कामात खंड पडलेल्या सर्वांचं स्वागत. दुकान तळमजल्यावर आहे, दाराशी एक पायरी आहे.
> संपर्क: फोन करा किंवा व्हॉट्सॲपवर बोलून मेसेज पाठवा. बायोडेटा नसला तरी चालेल.

पगाराचा आकडा उदाहरणापुरता आहे. तुमच्या भागातलं चालू किमान वेतन बघूनच तुमचा आकडा टाका. वेळ रोज आठ तास, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ४८ तास होते.

शेवटून दुसरी ओळ नीट बघा. नुसतं 'सर्वांचं स्वागत' कुणीही लिहितं. पण 'दाराशी एक पायरी' वाचून व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला यायचं कसं ते आधी ठरवता येतं, किंवा फोन करून विचारता येतं. बोलून मेसेज पाठवायची सोय दिली की टायपिंगला बिचकणारी, पण काउंटरवर झकास बोलणारी व्यक्तीही अर्ज करते.

छापण्याआधी

आता याच क्रमाने, ओळीला ओळ लावून इंग्रजी लिहा. मग एकाला फक्त मराठी भाग वाचायला द्या, दुसऱ्याला फक्त इंग्रजी. दोघांना तीनच प्रश्न विचारा: पगार किती, सुट्टी कधी, कोणती गोष्ट आलीच पाहिजे? उत्तरं जुळली नाहीत तर चूक जाहिरातीत आहे. बहुतेक वेळा ती पगारात सापडते: मराठीत '१५,०००' आणि इंग्रजीत '१५,००० पर्यंत'. तो एक शब्द राहिला, तर मुलाखतीला आलेली व्यक्ती पगार ऐकून परत जाते.