बँकेत कमी आलेले १,७३६ रुपये

सोलापुरी चादरी ऑनलाइन विकणारं एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणू. सोमवारी पाच ऑर्डरी आल्या: १,२००, २,५००, ८००, ३,५०० आणि २,००० रुपयांच्या. गिऱ्हाइकांनी नेट बँकिंगने पैसे भरले, एकूण १०,००० रुपये. दोन कामाच्या दिवसांनी, बुधवारी, पेमेंट गेटवेकडून बँकेत जमा झाले ८,२६४.

या ठिकाणी बरेच दुकानदार ८,२६४ हीच विक्री धरतात आणि पुढे जातात. नुकसानीची सुरुवात तिथेच होते.

बँकेच्या उताऱ्यावर ही जमा एकाच ओळीत दिसते, सोबत यूटीआर क्रमांक असतो. तोच क्रमांक गेटवेच्या सेटलमेंट अहवालात शोधला की त्या एका रकमेमागच्या सगळ्या ओळी समोर येतात. आपल्या उदाहरणात त्या सहा आहेत. पाच ओळी सोमवारच्या पेमेंटच्या. प्रत्येकीवर २ टक्के शुल्क, म्हणजे मिळून २०० रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये. सहावी ओळ उलट दिशेची, १,५०० रुपयांच्या परताव्याची. २००, ३६ आणि १,५०० मिळवले की बरोबर १,७३६ होतात.

खरा घोळ सहाव्या ओळीत आहे. ती चादर सोमवारी विकलेलीच नव्हती. ती गेल्या आठवड्याची ऑर्डर, माल परत आला म्हणून पैसे आता वळते झाले. गेटवे परताव्यासाठी वेगळी रक्कम मागत नाही, पुढच्या जमेतून कापून घेतो. त्यामुळे तारखेला तारीख लावून मेळ बसत नाही. जुळवायचं ते `order_id` आणि `payment_id` यांवरून. दुकानाच्या ऑर्डर यादीत `payment_id` साठवलेला नसेल, तर आधी ती सोय करून घ्यावी. परतावा जमेपेक्षा मोठा झाला, तर त्या दिवशी बँकेत काहीच येत नाही.

शिवाय परताव्यात गिऱ्हाइकाला पूर्ण १,५०० मिळतात, पण मूळ विक्रीच्या वेळी कापलेले ३० रुपये शुल्क आणि त्यावरचा ५.४० रुपये कर बहुतेक गेटवे परत देत नाहीत. परत आलेल्या प्रत्येक मालाचा हा खर्च धरायलाच हवा.

अहवाल वाचताना `fee` आणि `tax` हे स्तंभ नीट पाहावेत. काही अहवालांत `fee` मध्ये कर आधीच मिळवलेला असतो आणि `tax` हा त्यातलाच भाग म्हणून वेगळा दाखवतात. अशा वेळी दोन्ही वजा केले तर कर दोनदा जातो. एक ओळ हाताने करून बघावी: १,२०० वर शुल्क २४, कर ४.३२, हाती १,१७१.६८. स्तंभात २४ आहे की २८.३२, यावरून उलगडा होतो.

आता वहीतली नोंद. गेटवेला स्वतंत्र खातं द्यावं, जणू तो आपला उधारीचा देणेकरीच. सोमवारी पूर्ण १०,००० ची विक्री त्याच्या नावे लिहावी. बुधवारी त्याच खात्यात बँकेचे ८,२६४, शुल्काचे २००, करापोटी ३६ आणि परताव्याचे १,५०० जमा दाखवावेत. परताव्यासाठी गिऱ्हाइकाला क्रेडिट नोट द्यावी, म्हणजे विक्रीवरचा जीएसटीही नियमाने कमी होतो. शुल्काचे २०० मात्र विक्रीतून वजा होत नाहीत. तो खर्च आहे, आणि विक्रीवरचा कर पूर्ण किमतीवरच द्यावा लागतो.

करापोटी गेलेले ३६ रुपये परत मिळवता येतात. त्यासाठी गेटवेकडे आपला जीएसटी क्रमांक नोंदलेला हवा, त्याचं मासिक बिल हाती हवं आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसायला हवं. महिन्याला पाच लाखांची अशीच विक्री असेल तर ही रक्कम १,८०० रुपये होते. निव्वळ जमेलाच विक्री म्हणणारा दुकानदार ती दर महिन्याला सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मात्र हे क्रेडिट मिळत नाही. त्याच्यासाठी कर हा खर्चच.

महिनाअखेरीस गेटवेच्या खात्यावरची बाकी आणि ‘पेमेंट झालं, पण अजून बँकेत आलं नाही’ अशा ओळींची बेरीज सारखी यायला हवी. बाकी जास्त असेल तर एखादं शुल्क किंवा परतावा लिहायचा राहिला, नाहीतर घरपोच रोखीची ऑर्डर चुकून इथे आली. बाकी कमी असेल तर पैसे आलेत पण विक्री नोंदलेली नाही. बहुधा गिऱ्हाइकाने पहिला प्रयत्न फसला समजून दुसऱ्यांदा पैसे भरलेले असतात आणि दोन्ही पेमेंट यशस्वी झालेली असतात. एकाच ऑर्डरसमोर दोन `payment_id` दिसले तर दुसरी रक्कम गिऱ्हाइकाची आहे. ती विक्रीत न धरता, त्याने विचारण्याआधीच परत पाठवावी.