मोडीचे सर

आमचे मोडीचे सर माघात गेले. साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ते दर रविवारी सकाळी मोडी शिकवत. आयुष्यभर जमिनीच्या नोंदींच्या खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर हा वर्ग सुरू केला. फी नव्हती. येणाऱ्याने शाईची दौत, बोरू आणि आखलेली वही आणायची, एवढीच अट. त्यांचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण कुठल्याही पत्रिकेवर आपलं नाव छापलेलं त्यांना चालत नसे आणि त्यांच्या माघारी तो शब्द मोडावा असं मला वाटत नाही. पण त्यांनी जे शिकवलं ते ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही अशांनाही उपयोगी पडेल, म्हणून लिहितो आहे.

मोडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला घाई असते. घरात आजोबांच्या पेटीत कागद सापडलेला असतो आणि तो कधी एकदा वाचतो असं झालेलं असतं. सर मात्र सुरुवातीचे कित्येक आठवडे वाचायला काही देतच नसत. आधी लिहायचं. पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढायची आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायचं. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ देतो, मोडीत रेघ आधी येते. त्यामुळे शब्द कुठे संपला हे रेघ सांगत नाही. लिहिणारा हात शक्य तितका न उचलता पुढे जातो, एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराची सुरुवात होते. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे मुलगा या अर्थाचा ‘सुत’ आणि कापसाचं ‘सूत’ एकसारखंच दिसतं. ‘तीनशेर’ एवढंच वाचून होतं तेव्हा पुढे दाणे येणार की रुपये, म्हणजे ते तीन शेर आहेत की तीनशे रुपयांतला ‘रु’ अर्धवट दिसतोय, हे पुढची दोन अक्षरं लागल्याशिवाय ठरत नाही.

हे सगळं त्यांनी फळ्यावर सांगितलं असतं तर वर्गाबाहेर पडताच विसरलो असतो. पण स्वतःच्या हाताने लिहिताना ‘र’ मागच्या अक्षराला कुठून चिकटतो, वेलांटी कुठे वळते, हे बोटांना कळायला लागलं. मग जुन्या कागदावर अर्धवट पुसलेलं अक्षर आलं की सर म्हणत, “डोळ्यांनी बघू नका, हवेत लिहून बघा. कारकुनाचा हात कुठून आला आणि कुठे गेला?” आम्ही सगळे बोटाने हवेत गिरवायचो आणि बरेचदा अक्षर लागायचं.

दुसरी गोष्ट भाषेची. लिपी दोन महिन्यांत येते, कागद वाचायला वर्षं लागतात, असं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत. याचं कारण जुन्या पत्रांची ठरावीक वळणं. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ हा मायना एकदा कानात बसला की त्यातली चार अक्षरं वाळवीने खाल्ली तरी अडत नाही. मायना ठाऊक नसेल तर कोरा करकरीत कागदही अडवतो. म्हणून ते आम्हाला राजवाड्यांनी १८९८ साली छापलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड मोठ्याने वाचायला लावत. पानिपतच्या आसपासच्या काळातली ती पत्रं. आम्ही वाचायचो तेव्हा सर डोळे मिटून ऐकत आणि सूर चुकला की थांबवत.

कागद हातात घेतल्यावर मात्र पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची नाही. आधी तारीख शोधायची. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो, तोही आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत, आणि तोही उलटा, एककापासून. सरांचं नेहमीचं उदाहरण होतं ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा सन जानेवारीत किंवा चैत्रात बदलत नाही, सूर्य मृगात शिरतो तेव्हा बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. पेरणी आणि वसुलीच्या हिशेबाला हेच सोयीचं. तेव्हा मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंतचा असेल तर ६००. पानिपतची लढाई पौषात झाली, म्हणून ११६१ मध्ये ६०० मिळवून १७६१. हे गणित सुटलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण खरंच त्या काळातल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसलो आहोत.

सरांची आठवण म्हणून एकच प्रसंग सांगायचा झाला तर तो एका शेतकरी कुटुंबाच्या कागदाचा. वाई तालुक्यातून एक गृहस्थ आपल्या भावाला घेऊन वर्गात आले. प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्यांचा कागद. घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जायचं, की ही महाराजांनी दिलेल्या इनामाची सनद आहे. दरवर्षी दसऱ्याला तिची पूजा व्हायची, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात हळद-कुंकवाचे डाग होते. सरांनी टेबलावर धुतलेलं पांढरं कापड पसरलं, कागद त्यावर ठेवला आणि घड्या एकेक करून हळू उलगडल्या. एका घडीवर कागद आरपार झिजला होता.

तारीख शकात होती, पण नेमका दशकाचा आकडा कसरीने खाल्लेला. सतराशे, मग भोक, मग एक. पुढे संवत्सराचं नाव शाबूत होतं, सौम्यनाम संवत्सर. सरांनी ते हिशेबासाठी आमच्यापुढे ठेवलं. शकात १२ मिळवायचे, ६०ने भागायचं, बाकी उरेल तितक्या क्रमांकाचं संवत्सर. सौम्य हे त्रेचाळिसावं. १७०१ पासून १७९१ पर्यंत सगळे शक करून पाहिले. ४३ बाकी दोनच ठिकाणी उरली, १७११ आणि १७७१. साठ वर्षांनी तेच नाव परत येतं, त्यामुळे याच्या पुढे संवत्सर मदत करत नाही. वर्गातल्या कुणीतरी १७११च धरू म्हटलं. म्हणजे इसवी सन १७८९, सवाई माधवरावांचा काळ. सनदेला शोभणारा.

सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि वरच्या बाजूला हळदीच्या डागाखाली दबलेला गोल छाप आम्हाला दाखवला. कंपनी सरकारचा स्टँप. पुण्या-साताऱ्याकडे पेशवाई बुडाली १८१८ साली, तेव्हा १७८९च्या इकडच्या कागदावर हा छाप असूच शकत नव्हता. शक १७७१, इसवी सन १८४९. तिथी आणि वार मोडकांच्या जंत्रीत ताडून पाहिले, तेही १७७१शीच जुळले.

मग मजकूर. दुसऱ्या ओळीतच ‘धनको नाम’ आणि त्याच्या खाली ‘रिणको नाम’ लागलं. सावकार आणि कर्जदार. तो कर्जरोखा होता. पन्नास रुपये घेतले, व्याज दरमहा दर शेकडा, तारण म्हणून विहिरीजवळची जमीन गहाण. त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. झिजलेल्या घडीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “सर, इथे ‘जमीन’नंतर ‘इनाम’ असेल ना? तेवढं तरी लिहा.” दोन-तीन अक्षरांचीच जागा होती, ‘इनाम’ बसलंही असतं.

सरांच्या नकलेत फाटलेल्या जागी टिंबं असत. अक्षर अर्धं दिसत असेल आणि आजूबाजूच्या मजकुरावरून खात्रीने पुरं करता येत असेल तर ते चौकटी कंसात. वाचलं आहे पण शंका आहे, तिथे प्रश्नचिन्ह. या तीन खुणांशी त्यांनी कधी तडजोड केली नाही. त्यांनी त्या ठिकाणी तीन टिंबं काढली आणि म्हणाले, “कागदात नाही ते मी लिहिलं, तर कागदात आहे त्यावर तरी तुम्ही विश्वास का ठेवावा?”

एवढं बोलून ते थांबले असते तर एक कडक मास्तर म्हणून लक्षात राहिले असते. पण त्यांनी त्या गृहस्थांना जवळ बोलावलं आणि कागदाच्या तळाशी बोट नेलं. तिथे शाईने काढलेला एक छोटा नांगर होता, वाकडा, एका बाजूला शाई फुटलेली. शेजारी लिहिलेलं, ‘निशाणी नांगर’. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा. सर म्हणाले, “मजकूर कारकुनाचा आहे. पण हा नांगर तुमच्या पणजोबांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने काढला. महाराजांच्या सनदेवर तुमच्या घरातल्या कुणाचा हात लागला नसता. इथे लागला आहे. आणि जमीन आज तुमच्याकडे आहे ना?” आहे, ते म्हणाले. “मग पन्नास रुपये फिटलेले दिसतात.” दोघे भाऊ बराच वेळ त्या नांगराकडे बघत होते. जाताना धाकट्याने सरांचे पाय धरले.

जुने कागद वाचता येणारी माणसं आणखी आहेत, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत, पुराभिलेखागारात आहेत. सरांचं वेगळेपण मला या दुपारी कळलं. ज्याला जे हवं ते वाचून दाखवण्याचा मोह या कामात फार मोठा असतो. कुळाचा अभिमान, जमिनीचे वाद, गावातला मान, सगळं त्या दोन अक्षरांच्या भोकात भरता येतं, आणि समोरच्याला मोडी येत नसल्यामुळे पकडलं जायची भीती नसते. सरांनी तो मोह कधी होऊ दिला नाही, आणि खरं सांगताना माणसाला रित्या हाताने परतही पाठवलं नाही. मी आज जे काही वाचतो, ते याच दोन गोष्टी एकत्र सांभाळायचा प्रयत्न करत वाचतो.

शेवटच्या वर्षी डोळ्यांना कमी दिसू लागलं तेव्हा आम्ही अक्षरांचं वर्णन करायचो आणि ते ऐकून वाचायचे. “वर गाठ आहे का? खाली डावीकडे वळतंय? मग पुढचं सांगा.” त्यांच्या नकलांच्या वह्या आता वाचनालयाच्या कपाटात आहेत. प्रत्येक पानावर टिंबं आहेत.

तुमच्याकडे घरात मोडी कागद असतील तर सरांच्या वतीने एवढी विनंती आहे. ते लॅमिनेट करू नका, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, वर पेनाने काही लिहू नका, हळद-कुंकू वाहू नका. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती फडक्यात ठेवा, ओल लागू देऊ नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मग जाणत्या माणसाकडे न्या, आणि त्याने टिंबं काढली तर ती तशीच राहू द्या.