फ्रिजशिवाय टिकणारा शाळेचा डबा: वऱ्हाडातल्या पालकांसाठी आठवड्याची खरेदीची यादी

"डॉक्टर, डबा तर सकाळी ताजाच करून दिला होता, मग पोट कसं बिघडलं?" उलट्या होणाऱ्या मुलाला घेऊन आलेले आई-वडील हा प्रश्न नेहमी विचारतात. डबा ताजा होता हे खरेच असते. पण मुलाने तो खाल्ला तेव्हा तो किती तासांचा झाला होता आणि त्या वेळात तो कुठे होता, हेही पाहावे लागते.

समजा, तुमची मुलगी अकोल्यात तिसरीत आहे. पावणेदहाला स्वयंपाक झाला, दहाला डबा भरला, साडेदहाला ऑटो आला. मधली सुट्टी पावणेदोनला. म्हणजे अन्न शिजल्यापासून खाईपर्यंत चार तास गेले, आणि हे चार तास डबा दप्तरात, उन्हात तापलेल्या ऑटोत आणि वर्गात होता.

वऱ्हाडात दोन तासही जास्त का ठरतात?

अन्नातले जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात वेगाने वाढतात. म्हणून दूध, पनीर, अंडी, शिजवलेला भात यांसारखे नासणारे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत असा नियम आहे. बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एकच तास होते.

अमरावती-अकोल्यात मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात दुपारचा पारा ३२ च्या वरच असतो. उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. पण तेव्हा पावसाळी दमटपणा असतो आणि बुरशी लवकर धरते. त्यामुळे थंडीचे दोन-तीन महिने सोडले, तर इथला डबा वर्षभर याच हिशेबाने भरावा लागतो.

उपाय नवा नाही. जंतूंना वाढायला पाणी लागते. ज्या पदार्थात पाणी कमी, तो जास्त टिकतो. शेतात जाणाऱ्या माणसाच्या शिदोरीत भाकरी आणि जवसाची कोरडी चटणी असते, वरण-भात नसतो, त्याचे कारण हेच. मुलाच्या डब्याची यादीही याच सूत्रावर करू या.

एका मुलासाठी सहा दिवसांची यादी

आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा हा अंदाज आहे. भूक पाहून कमी-जास्त करा.

- कणीक किंवा ज्वारीचे पीठ: अर्धा किलो
- बेसन: पाव किलो (धपाट्यात मिसळायला)
- शेंगदाणे: अर्धा किलो (चटणी आणि लाडूसाठी)
- फुटाणे: पाव किलो
- गूळ: पाव किलो
- तीळ आणि जवस: प्रत्येकी १०० ग्रॅम
- मुरमुरे: २०० ग्रॅम
- साल असलेली फळे: सहा, पण दोन वेळा तीन-तीन करून
- गाजर किंवा लहान काकडी: सहा

दूध, पनीर, मेयोनीज, ओला नारळ आणि डब्यासाठीचे तांदूळ या यादीत नाहीत. हे पदार्थ वाईट नाहीत. ते घरी, ताटात द्या.

विकत घेताना काय पाहाल?

शेंगदाण्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. ओलावा लागलेल्या दाण्यांवर जी बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक आहे आणि दाणे भाजल्याने पूर्ण नाहीसे होत नाही. म्हणून कूट विकत न घेता अख्खे दाणे घ्या, घरी परातीत पसरा आणि काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे वेचून फेका. खाताना एखादा दाणा कडू लागला तर तो थुंकायला मुलांना शिकवा.

जवसात तेल भरपूर असते. दळल्यावर ते हवेत लवकर खवट होते. जवसाची चटणी एका वेळी आठ दिवस पुरेल एवढीच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. रंगासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास आला, तर ती टाकून द्या. चटणीत लसूण हवा असेल तर आठवड्याची चटणी कोरडीच ठेवा आणि रोज लागेल तेवढ्या चटणीत लसणाची पाकळी ठेचून घाला. ओल्या लसणामुळे सगळी बरणी खराब होण्याचा धोका मग राहत नाही.

फळ सालीसकट जाईल असेच निवडा. साल हेच त्याचे झाकण असते. वरुड-मोर्शीकडची संत्री हंगामात डब्यासाठी उत्तम. साल घट्ट, डाग नसलेले आणि हातात जड लागणारे संत्रे घ्या. केळी जरा कच्चट घ्या, पिकलेले केळे दप्तरात दुपारपर्यंत काळे आणि मऊ पडते. पेरू आणि बोरे धुऊन, पूर्ण कोरडी करून अख्खी द्या. कापलेले सफरचंद, पपई किंवा टरबूज देऊ नका. साल निघाली की फळाचा ओला भाग उघडा पडतो आणि सुरीवरचे, हातावरचे जंतू त्यावर वाढतात.

पोळीसोबत काय?

कोरडी चटणी हे सर्वांत सुरक्षित उत्तर आहे. शेंगदाणे, तीळ किंवा जवसाची दोन चमचे चटणी आणि पोळीला थोडे तूप पुरते. पोळी कोरडी पडते अशी तक्रार असेल तर कणीक दुधात भिजवून दशमी करा. दूध पिठात मुरते आणि तव्यावर चांगले भाजले जाते, त्यामुळे दशमी मऊ राहते. मेथी किंवा सांबार घातलेले धपाटे पातळ थापा आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. मध्ये ओलसर राहिलेले जाड धपाटे लवकर आंबते.

भाजी द्यायचीच असेल तर पाणी न घालता परतलेली भेंडी, गवार किंवा बटाट्याच्या काचऱ्या द्या. उकडून कुस्करलेला बटाटा, रस्सा, टोमॅटोची ओली भाजी, पिठले हे नको. अर्थात शिजलेली कोरडी भाजीही चार तासांच्या उन्हात पूर्ण निर्धोक नसते. म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत भाजी घरी जेवणात आणि डब्यात चटणी, अशी वाटणी करा.

भाताबद्दल वेगळे सांगावे लागेल. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते भात शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते पुन्हा जागे होऊन वाढतात आणि विष तयार करतात. हे विष भात पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. म्हणून रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो डब्यात देणे ही डब्यातली सर्वांत धोक्याची सवय आहे. त्या भाताला वास येत नाही आणि चवही बदलत नाही.

डबा भरताना

भाजी हाताने चाचपून किंवा पोळी हातात धरून डब्यात ठेवण्याआधी हात साबणाने धुवा. बोटावर जखम किंवा फोड असेल तर दुसऱ्या कुणाला डबा भरू द्या. तिथले जंतूही असेच न मरणारे विष तयार करतात.

वाफाळती पोळी डब्यात कोंबून झाकण लावले की झाकणाच्या आतून पाणी सुटते आणि तेच पोळीवर पडते. पोळी जाळीवर किंवा ताटात दहा-पंधरा मिनिटे मोकळी निवू द्या, मग भरा. चटणी, पोळी आणि फळ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. गाजर-काकडी अख्खी द्या. मीठ लावून कापलेली काकडी पाणी सोडते.

गरम ठेवणाऱ्या डब्यावर फार भिस्त ठेवू नका. दुपारी उघडताना त्यातून वाफ निघत नसेल, अन्न नुसते कोमट असेल, तर तो डबा जंतूंसाठी उबदार घर ठरतो. रोज संध्याकाळी झाकणाची रबरी कडी काढून धुवा आणि वाळवा. पावसाळ्यात तिच्याखाली काळी बुरशी साचते.

अख्खे दाणे कुणाला देऊ नयेत?

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा गाजराचे कडक तुकडे देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. अशा मुलाला दाण्याचा कूट गुळात मळून मऊ लाडू द्या. शेंगदाणे किंवा तीळ खाल्ल्यावर ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा श्वासाला त्रास होतो, त्याच्या डब्यात ते अजिबात नकोत. शिक्षकांनाही तसे सांगून ठेवा, कारण मुले डबा वाटून खातात.

उरलेला डबा

पहिल्या उदाहरणातल्या मुलीने अर्धाच डबा खाल्ला आणि साडेपाचला घरी येऊन आजीने "अन्न टाकू नये" म्हणून उरलेली भाजी-पोळी पुढे केली, तर ती आता जवळपास आठ तासांची आहे. उरलेली ओली भाजी, अंडे, भात टाकून द्या. फुटाणे, लाडू, अख्खे फळ, कोरडी चटणी चालेल. रोज उरत असेल तर डबाच कमी भरा. अन्न वाया जाऊ नये हा आजीचा मुद्दा त्याने जास्त चांगला सांभाळला जातो.

त्रास झालाच तर

डबा खाल्ल्यावर एक ते सहा तासांत अचानक उलट्या सुरू झाल्या, तर अन्नातल्या विषाची शंका घ्यावी. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. पुडीवर वेगळे माप लिहिलेले असेल तर तेवढेच पाणी घ्या. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा पाजा. उलटी किंवा जुलाब थांबवण्याचे औषध स्वतःहून देऊ नका.

पाजलेले सगळे उलटून पडत असेल, सहा तासांत लघवी झाली नसेल, शौचातून रक्त जात असेल, ताप जास्त असेल किंवा मूल सुस्त पडून राहत असेल, तर त्याच वेळी दवाखान्यात या. त्या दिवशी डब्यात काय होते, ते किती वाजता शिजवले होते आणि मुलाने किती वाजता खाल्ले, एवढे डॉक्टरांना सांगा. वर्गातल्या आणखी कुणाला त्रास झाला आहे का, हेही शाळेत विचारून घ्या.