वेटिंगचे दोन आकडे

समजा, कोकणकन्येच्या स्लीपरच्या चौकटीत शुक्रवारी लाल अक्षरांत GNWL47/WL18 दिसतंय. डावीकडचा 47 हा रांगेत दिला गेलेला क्रमांक, तर उजवीकडचा 18 म्हणजे आज त्या रांगेत आपण कुठे असू ते. म्हणजे आधीचे 29 जण तिकीट रद्द झाल्यामुळे पुढे सरकलेत किंवा रांगेतून गेलेत. गुरुवारी GNWL22/WL20 असेल, तर ती रांग जेमतेम हलली आहे. उजवे आकडे जवळपास सारखे असूनही मी शुक्रवारच निवडेन. मात्र PQWL दिसलं तर जपून, कारण त्या कोट्यात जागा कमी सुटतात. चौकटीवरचा आकडा कित्येकदा काही तासांपूर्वीचा असतो, म्हणून पैसे भरण्याआधी रिफ्रेश करून पाहाच.