खोलगट स्लॅबचं पोट

फ्लॅटमधल्या बाथरूमचा स्लॅब बाकी घराहून फूटभर खाली सोडतात, पाइप त्यात दडावेत म्हणून. हा खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरायचा. पण आधी वॉटरप्रूफिंग, मग 48 तास पाणी साठवून खालच्या छताची तपासणी. ही तपासणी टाळली, तर ओल दिसल्यावर सगळी भर उकरावी लागते.

समजा, बाथरूम 2.1 बाय 1.5 मीटर आहे आणि भर 225 मिलिमीटर. म्हणजे सुमारे 0.71 घनमीटर. तुकड्यांमधल्या फटी साधारण 35 टक्के धरल्या, तर पाव घनमीटर मसाला लागतो. 1:6 प्रमाणात सिमेंट दीड गोणीच्या आत.

वीट आधी भिजवलेलीच हवी. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषते, मसाला भुसभुशीत राहतो. तोडफोडीचा राडारोडा ढकलणं स्वस्त पडतं खरं. पण त्यातल्या मातीला ना धड पकड, ना घट्टपणा. पुढे फरशी पोकळ वाजते ती बहुधा यामुळेच.

वर 40 मिलिमीटरचा 1:4 मसाल्याचा समतल थर, सिमेंट साधारण एक गोणी. नावाला समतल, उतार मात्र जाळीकडे, मीटरला किमान 10 मिलिमीटर. उरलेल्या 35 मिलिमीटरमध्ये फरशी आणि तिचा मसाला बसतो.