भूकंप चीनमध्ये, करंगळी आपली

ओकच्या झाडाचे बी त्याच झाडाखाली पडते आणि रुजते. रोप वाढत जाते, एक दिवस जुन्या झाडाच्या वर डोके काढते आणि ज्याच्यापासून जन्मले त्यालाच संपवते. याला पितृहत्या कोणी म्हणत नाही. मुलाने बापाचा जीव घेतला तर मात्र ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दोन्हीकडे जन्म देणारा आणि त्याचा नाश करणारा हेच नाते आहे. मग एक पाप का आणि दुसरे नुसती घटना का? मुलाला इच्छा असते, झाडाला नसते, असे म्हणावे, तर स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे उत्तर तयार होते: इच्छेमुळे कृत्याचे कारण बदलते, नाते तेच राहते.

हा दाखला ह्यूमने १७३९-४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिला. त्याचा रोख सॅम्युएल क्लार्कसारख्या विचारवंतांवर होता. त्यांच्या मते योग्य-अयोग्य हे वस्तूंच्या परस्परसंबंधांतच असते आणि भूमितीतला सिद्धान्त कळावा तसे ते बुद्धीला कळते. ह्यूमला हे पटत नव्हते. बुद्धी काय आहे ते सांगते, कशाने काय होईल तेही सांगते. अमुक औषधाचा तिप्पट डोस घेतला तर माणूस दगावतो, हे ज्ञान डॉक्टरकडे असते आणि विष घालणाऱ्याकडेही असते. त्या ज्ञानाने एकाचा हात आवरतो, दुसऱ्याचा पुढे होतो. फरक पडतो तो माहितीत नव्हे, भावनेत. म्हणून ह्यूमचा निष्कर्ष असा, की खुनाची कितीही कसून तपासणी केली तरी ‘वाईटपणा’ नावाची वस्तू तिथे सापडणार नाही. ती सापडते ती पाहणाऱ्याच्या मनात उठणाऱ्या तिरस्कारात.

ही वाट ह्यूमच्या आधीच फ्रान्सिस हचिसनने मळवली होती. डोळ्याला रंग कळतो तशी माणसाला चांगुलपणा जाणवणारी एक अंतःप्रेरणा असते, असे त्याने १७२५ साली मांडले. ही ‘नैतिक जाणीव’ आपल्या फायद्या-तोट्याचा हिशेब न करता दुसऱ्याच्या भल्या कृत्याने सुखावते. माणूस मुळात स्वार्थीच, असे म्हणणाऱ्यांना हे सडेतोड उत्तर होते. पण कळीचा प्रश्न तसाच राहिला: ही खास जाणीव आली कुठून आणि ती काम कशी करते? ग्लासगोच्या वर्गात हचिसनची व्याख्याने ऐकणाऱ्या एका विद्यार्थ्याने पुढे याचे उत्तर दिले. तो म्हणजे अ‍ॅडम स्मिथ. अर्थशास्त्राचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो. पण नीतीवरचे त्याचे पुस्तक त्याआधीचे, १७५९ सालचे.

स्मिथच्या मते वेगळे ज्ञानेंद्रिय मानण्याची गरजच नाही, सहानुभूती पुरेशी आहे. मात्र त्याची सहानुभूती म्हणजे दया नव्हे. दुसऱ्याच्या आनंदात, रागात, लाजेत, कशातही सहभागी होणे असा तिचा अर्थ आहे. सख्ख्या भावाचे हाल चालले असले तरी त्याची वेदना आपल्या शरीरात शिरत नाही. आपण कल्पनेने त्याच्या जागी उभे राहतो आणि तिथून जे वाटेल ते आपल्याला थोडे फार वाटते. भ्रमिष्ट माणूस मजेत हसतो, गातो, आणि आपल्याला त्याला पाहून गलबलून येते. दुःख त्याला नाहीच, मग आपल्याला कुठून लागले? म्हणजे आपण त्याची भावना उचलत नाही, त्याच्या परिस्थितीत शिरतो.

स्मिथचा नीतिनिर्णय इथूनच निघतो. तुमच्या जागी उभे राहून मला जेवढा राग येईल, साधारण तेवढाच तुम्ही दाखवलात, तर मी म्हणतो, ‘राग रास्त आहे.’ तुम्ही क्षुल्लक कारणावरून आकाशपाताळ एक केलेत, तर माझी कल्पना तिथवर पोचत नाही आणि मी नापसंती दाखवतो. हे तुम्हालाही ठाऊक असते. म्हणून घरच्यांपुढे ओक्साबोक्शी रडणारा माणूस परक्यांपुढे स्वतःला सावरतो. तो स्वतःकडे त्यांच्या नजरेने पाहू लागतो. ही सवय मुरत गेली, की प्रत्यक्ष कोणी समोर नसतानाही एक निःपक्षपाती प्रेक्षक मनात ठाण मांडतो. स्मिथच्या लेखी सदसद्विवेक म्हणजे हाच.

या प्रेक्षकाची गरज का, हे स्मिथने एका कल्पित भूकंपातून दाखवले. अवघा चीन भूकंपात गडप झाला अशी बातमी युरोपातल्या एखाद्या सज्जनाला कळली, तर तो हळहळेल, आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर चार वाक्ये बोलेल, व्यापारावर काय परिणाम होईल याचाही विचार करेल आणि मग आपल्या कामाला लागेल. उद्या आपली करंगळी कापली जाणार असे त्यालाच कळले, तर त्याला रात्रभर झोप येणार नाही. सहानुभूती अशी जवळच्याला झुकते माप देते. पण स्मिथ पुढचा प्रश्न विचारतो: ती करंगळी वाचवायला तो लाखो चिनी माणसांचे प्राण देईल का? नुसत्या विचाराने तो शहारेल. त्याला अडवणारी गोष्ट करुणा नव्हे. ती फार दुबळी आहे. अडवतो तो आतला प्रेक्षक, कारण त्याच्या नजरेतून पाहिले की आपण गर्दीतले एक आहोत, कोणाहूनही जास्त नाही, हे दिसते.

या आतल्या प्रेक्षकासाठी स्मिथने विवेकबुद्धी हा शब्दही वापरला आहे. मग बुद्धी मागच्या दाराने आत आली का? काही अंशी, हो. सामान्य नियम बुद्धीच बांधते, हे त्याला मान्य आहे. पण हे नियम ती एकेका प्रसंगी वाटलेल्या पसंती-नापसंतीतून गोळा करते. पहिली चव भावनेची, बुद्धी तिची नोंदवही ठेवते.

खरी अडचण दुसरीच आहे. प्रेक्षक घडतो समाजाच्या नजरेतून, आणि समाजच चुकला तर? फ्रान्समधल्या तुलूझ शहरात झां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यावर स्वतःच्या मुलाला मारल्याचा आरोप आला. १७६२ साली त्याला चाकावर हाडे मोडून मारण्यात आले. तीन वर्षांनी तो निर्दोष ठरला. त्या सुमारास स्मिथ तुलूझमध्येच राहत होता, आणि १७९० साली पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्याने कालासचा प्रसंग घातला. कालासला मृत्यूपेक्षा मागे उरणाऱ्या बदनामीची धास्ती जास्त होती, असे तो सांगतो. बाहेरचे सगळे एकमुखाने दोषी म्हणू लागले, की आतला प्रेक्षकही गोंधळतो, त्याचा आवाज बसतो. अशा माणसाला दिलासा देताना स्मिथला परलोकातल्या न्यायाकडे बोट दाखवावे लागले.

म्हणून त्याने कौतुक मिळवण्याची हौस आणि कौतुकास पात्र असण्याची इच्छा यांत फरक केला. पहिली गर्दीवर विसंबते, दुसरी सत्य जाणणाऱ्या प्रेक्षकावर. पण त्या प्रेक्षकाला सत्य कळवणार कोण? कालासची अब्रू परत आली ती खटल्याचे कागद पुन्हा तपासले गेले म्हणून. तपासाची ही मागणी पेटवली ती मात्र व्होल्तेअरसारख्यांच्या संतापाने. कागद तपासणे हे बुद्धीचे काम. ते तपासलेच पाहिजेत असे वाटणे हे तिचे काम नव्हे. ह्यूम आणि स्मिथचा दावा एवढाच आहे, आणि तो खोडायचा असेल तर कोणाबद्दल काहीच न वाटता केवळ तर्काने न्यायासाठी उठलेला माणूस दाखवावा लागेल.