कोऱ्या कागदाचा उजेड

म्हैसूर

चि. बाळ,

तुझं पत्र पोचलं. जगन्मोहन राजवाड्यात तू माझ्याशी मराठीत बोललीस, तेव्हाच मला बरं वाटलं होतं. आमचं घर भावसारांचं. कितीतरी पिढ्या म्हैसुरात गेल्या, तरी चुलीजवळची भाषा मराठीच राहिली. आता मी निवृत्त आहे, त्यामुळे तुझ्या प्रश्नांना सावकाश उत्तर देता येईल.

तुझा पहिला प्रश्न होता, "काका, त्या दिव्याच्या मागे बल्ब लावलाय का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की गर्दीतला कोण विचारणार हे चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं. मागे बल्ब नाही. सोनेरी वर्ख नाही, चमकणारा रंगही नाही. तिथे आहे तो कागद. 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र आहे आणि त्यातला सगळ्यात प्रखर उजेड म्हणजे चित्रकाराने रंग न लावता किंवा जेमतेम लावून सोडलेली जागा. त्या चित्राकडे बघत मी नोकरीची वर्षं काढली, त्यात जे समजलं ते मुख्यतः एवढंच. पण ते नीट उलगडून सांगतो, कारण तू स्वतः जलरंग शिकतेस.

तेलरंगात उजेड शेवटी येतो. गडद थर आधी देतात आणि सगळं झाल्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका वर ठेवतात. जलरंगात उलटं. इथे रंग पारदर्शक. खोलीतला उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. म्हणजे रंगातून तो दोनदा गाळला जातो. थर पातळ असेल तर कागद आतून पेटल्यासारखा दिसतो, थरावर थर चढले की उजेड आत अडकतो. म्हणून उजेडाच्या जागा पहिल्या वॉशच्या आधी ठरवाव्या लागतात. एकदा तिथे गडद रंग गेला की कागदाचा मूळ पांढरेपणा पूर्ण परत येत नाही. ओल्या फडक्याने टिपून थोडं निघतं, पण डाग राहतो आणि कागदाचा पोतही बिघडतो.

हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. जन्म १८८२ चा, सावंतवाडीचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मुंबईत १९०८ मध्ये स्वतःची कलासंस्था काढली. हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास केलं. तरी गॅलरीत येणारे निम्मे लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, कारण शेजारच्या दालनांत रविवर्म्याची चित्रं आहेत आणि त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. रविवर्मा १९०६ मध्येच गेले. मी हे प्रत्येकाला सांगत आलो. माणसाने आयुष्य घालून कमावलेलं काम दुसऱ्याच्या नावावर जावं, हे मला कधीच सहन झालं नाही.

चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी गीता. दिवाळीत आईच्या जांभळ्या साडीत हातात दिवा घेऊन आलेल्या मुलीला वडिलांनी पाहिलं आणि हे चित्र सुचलं. त्यासाठी ती तीन तास उभी राहिली. तेलरंग न घेता मुद्दाम जलरंग घेतले, कारण एकही चूक न करता हे साधता येतं हे त्यांना दाखवायचं होतं, असं पुढे गीताबाईंनीच सांगितलं. तुझ्या कोल्हापुरातच त्यांचं २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी निधन झालं.

आता बोटांकडे येऊ. ज्योतीपुढे आडोसा धरलेल्या तळव्याची बोटं लालसर होऊन उजळलेली आहेत आणि खरं तर प्रेक्षक फसतो तो तिथेच. बल्बची शंका त्या बोटांमुळे येते. रात्री दिवे घालव, मोबाइलची बॅटरी लाव आणि त्यावर बोटं जुळवून धर. कडा लाल दिसतील, मधला भाग काळपट. रक्त उजेडातला हिरवा-निळा भाग शोषून घेतं, लाल भाग पार जातो. बोट जिथे जाड तिथे तोही अडतो. हळदणकरांनी नेमका हा फरक पकडलाय. सगळी बोटं सारखी लाल केली असती तर ती रंगवलेली दिसली असती. कडेला उबदार पातळ थर, आत जरा दाट आणि भोवती थंड गडद रंग. शेजारचा अंधार जेवढा खोल तेवढा कोरा कागद प्रखर वाटतो. तू सरावाला बसशील तेव्हा आधी दिवा काढू नकोस, आधी दिव्याभोवतीचा अंधार काढ.

खोली एवढी काळोखी का, असंही तू विचारलं होतंस. बरेच लोक समजतात की ती दिव्याचा देखावा खुलावा म्हणून. खुलतोही, पण कागदावरच्या चित्राला अंधार जगण्यासाठी हवा. तेलरंगाचा थर जाड असतो, त्याला उजेड बराच सोसतो. जलरंगाचा थर इतका पातळ की उजेड आरपार पोचतो आणि रंगाचे कण हळूहळू फिके करतो. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. एक मेणबत्ती एक मीटरवर ठेवली की तिचा उजेड जवळपास १ लक्स भरतो, त्यावरून अंदाज घे.

यातली मेख अशी की नुकसान साठत जातं. ५० लक्स उजेड दिवसाला ८ तास म्हणजे ४०० लक्स-तास. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,२०,००० होतात. आता तेच चित्र खिडकीजवळ ठेव, जिथे दिवसा १,००० लक्स सहज असतात. दिवसभराचा वाटा २४ मिनिटांत संपतो आणि वर्षाचा वाटा १५ दिवसांत. पुढचे साडेअकरा महिने चित्र कपाटात कोंडलं तरी गेलेला रंग परत येत नाही. एखादं जुनं जलरंगातलं चित्र तुमच्या घरी उजेडाच्या भिंतीवर असेल तर ते आजच हलवायला आईला सांग.

त्या खोलीत लोक उन्हातून येतात. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स आणि आत ५०. डोळ्याला सरावायला वेळ लागतो, पहिला टप्पाच दहाएक मिनिटांचा. बहुतेक जण अर्ध्या मिनिटात "वा" म्हणून पुढे जातात, म्हणजे त्यांना दिवा आणि चेहरा दिसतो, बाकीचं चित्र दिसतच नाही. तू थांबलीस. साडीच्या घड्या एकेक करून वर आल्या, तेव्हा तू मैत्रिणीचा हात धरून खेचलास, ते मला आठवतं. चित्र तेच होतं, तुझे डोळे उशिरा पोचले. उन्हातून आल्यावर जांभळी साडी सुरुवातीला राखाडी वाटते. मग हळूहळू तिच्यात लाली भरते.

तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. इतकी वर्षं बघताना चित्र बदललेलं दिसलं का? रोज बघणारा माणूस या कामाला सगळ्यात निरुपयोगी असतो, बाळ. घरातलं मूल वाढलेलं आईला दिसत नाही, सहा महिन्यांनी आलेल्या आत्याला दिसतं, तसंच आहे हे. रंग एका दिवसात कणभर उतरला तर डोळा तो कणभर रोज माफ करत जातो. म्हणून फिकेपणाच्या बाबतीत पहारेकऱ्याच्या "काही झालेलं नाही" यावर कुणी विसंबू नये, माझ्यासुद्धा.

मग कळतं कशावरून? एक खूण माउंटखाली दडलेली असते. चौकटीतल्या पुठ्ठ्याने कागदाची जी कड झाकलेली असते तिथे उजेड पोचलेला नसतो. चित्र चौकटीबाहेर काढलं की झाकलेली पट्टी आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसतात, आणि तिथे रेघ पडल्यासारखा फरक असेल तर रंग उतरलाय. पुठ्ठा आम्लयुक्त असेल तर त्याच्या कापलेल्या कडेने कागदावर तपकिरी रेघही उमटते, ती निराळी ओळखायची. दुसरा उपाय निळ्या लोकरीच्या पट्ट्यांचा. वेगवेगळ्या वेगाने विटणाऱ्या आठ रंगवलेल्या लोकरींचं कार्ड असतं. ते अर्धं झाकून चित्राजवळ ठेवतात आणि कोणती पट्टी किती उतरली यावरून चित्रावर किती उजेड पडला हे ठरवतात. हे काम जतन करणाऱ्या तज्ज्ञांचं, त्याला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही.

पहारेकऱ्याच्या वाट्याला दुसरं असतं. हवेतला ओलावा बदलला की कागद फुगतो, आखडतो. काचेजवळ एका बाजूला उभं राहून तिरकं बघितलं की पृष्ठभागावरची लाट दिसते, समोरून ती कधीच दिसत नाही. पावसाळ्यात मी आधी चारही कोपरे बघायचो. तपकिरी ठिपके, काचेच्या आतली धूसर वाफ, चौकटीच्या फटीतून शिरलेली कसर. कसर कागदाचा वरचा पापुद्रा खरवडून खाते, आणि ज्या चित्रात उजेड म्हणजेच कागद, तिथे तो पापुद्रा गेला की काय गेलं ते तुला आता कळेल. जे दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवायचं आणि वर कळवायचं. डोळ्याच्या आठवणीपेक्षा ओळभर नोंद भरवशाची.

जांभळ्याबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. जलरंगात जांभळा बहुधा लाल आणि निळा मिसळून करतात. त्यातला लाल लवकर उतरणारा असेल तर जांभळ्याचा निळसर राखाडी होतो. अलिझरिन क्रिमझन हा फार लाडका लाल, पण उजेडात टिकत नाही, पातळ वॉशमध्ये तर नाहीच. नळीवर टिकाऊपणाची खूण छापलेली असते, ती वाचून रंग घे.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे स्वतः करून बघ. तुझ्याकडच्या प्रत्येक लाल आणि जांभळ्याची एक पट्टी चांगल्या कागदावर ओढ, एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला अगदी पातळ. पट्टीची अर्धी लांबी काळ्या जाड कागदाने घट्ट झाक आणि दक्षिणेच्या खिडकीत आतून चिकटव. वर रंगाचं नाव आणि तारीख लिही. पुढच्या दिवाळीपर्यंत उघडून बघू नकोस. मग उघडशील तेव्हा पातळ टोकाकडे आधी बघ, आणि कोणते रंग गेले त्यांची नावं मला कळव. पट्ट्या पाठवणार असलीस तर काळ्या कागदात गुंडाळून पाठव.

तुझे,
गॅलरीतले काका